वाडा विकणे आहे : एका जाहिरातीची इतिहासाच्या पद्धतीने तपासणी

मागच्या उन्हाळ्यात लोहाऱ्याच्या एका काकांचा फोन आला. काका म्हणजे सख्खे नव्हेत, वडिलांच्या ओळखीतले. त्यांचा जुना वाडा विकायचा होता आणि मी "जुन्या बांधकामांवर पीएचडी करतो" एवढं त्यांच्या कानावर होतं. "बाबू, तू शिकलेला आहेस, एक चांगली जाहिरात लिहून दे," एवढीच मागणी. त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तो असा होता:

"विकणे आहे. २०० वर्षे जुना पेशवेकालीन हेरिटेज वाडा. संपूर्ण सागवानी काम. थोडी डागडुजी केल्यास राहण्यास तयार. कागदपत्रे क्लिअर. लोहारा, यवतमाळ."

माझं पदव्युत्तर शिक्षण भूगर्भशास्त्रात झालं. संशोधन चुना, माती आणि दगड यांवर आहे. पण हा मजकूर वाचून मला आधी आठवली ती संशोधन पद्धतीच्या तासाला शिकलेली एक साधी गोष्ट: प्रत्येक विधान हा एक दावा असतो, आणि प्रत्येक दाव्याला पुरावा लागतो. या चार ओळींत पाच दावे आहेत. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करत आहेत किंवा पहिला संशोधन आराखडा लिहीत आहेत, त्यांच्यासाठी हे पाच दावे मी कसे तपासले ते सांगतो. यात इतिहास आहे, थोडं रसायन आहे आणि थोडा कायदाही आहे.

आधी हे का करायचं ते सांगायला हवं. काकांचं म्हणणं होतं, "विकणारा आपल्या मालाची खोट कशाला सांगेल? घेणाऱ्याने पाहून घ्यावं." हा विचार त्यांचा एकट्याचा नाही. इंग्रजी कायद्यात तो शतकानुशतकं रुळलेला होता: ग्राहकाने सावध राहावं, विक्रेत्याने गप्प बसावं. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यातही हाच सूर आहे. नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही, जिथे बोलणं हे कर्तव्यच आहे तिथे गप्प राहिलात तर ती फसवणूक, असं त्यात म्हटलंय. पण दहाच वर्षांनी, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, घर-जमिनीच्या बाबतीत ते बोलणं कर्तव्य ठरवलं गेलं. त्याचं कलम ५५ सांगतं की मालमत्तेत किंवा मालकी हक्कात असा महत्त्वाचा दोष असेल, जो विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. करारात वेगळं ठरलं नसेल तर न सांगणं ही फसवणूक मानली जाते.

त्यातला "साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही" हा भाग नीट लक्षात घ्या. ओसरीच्या भिंतीला पडलेली बोटभर रुंद भेग घेणाऱ्याला दिसते, त्याने ती पाहावी. पण त्याच भेगेवर तुम्ही पुट्टी आणि रंग मारून ठेवला असेल, तर ती आता सापडणार नाही आणि तुम्हाला मात्र ठाऊक आहे. म्हणजे जाहिरातीपूर्वी केलेली रंगरंगोटीच एखाद्या उघड दोषाला लपलेला दोष बनवते. काकांनी नेमका रंगाचा डबा आणून ठेवला होता. तो आधी बाजूला ठेवायला सांगितलं.

इथे एक सावधगिरी. "१८८२ पासून लोहाऱ्यात हा कायदा होता" असं लिहायचा मोह मलाही झाला होता. पण वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचा मुलूख होता. इंग्रजांकडे तो १८५३ च्या तहाने कारभारासाठी आला आणि १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, त्यासाठी वेगळ्या अधिसूचना काढाव्या लागत. म्हणून वऱ्हाडातला जुना दस्त वाचताना "अमुक कायदा अमुक साली झाला, म्हणजे तेव्हा तो इथे होताच" असं धरून चालू नका. कायदा कधी झाला आणि तो आपल्या गावात कधी आला हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला दावा: पेशवेकालीन

हा दावा तर घराकडे न पाहताच पडतो. वऱ्हाडावर पेशव्यांचा थेट कारभार नव्हता. अठराव्या शतकात इथे दोअमली होती, म्हणजे एकाच मुलखाचा महसूल निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही वाटून घेत. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. लोहारा वर्धेच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे काकांचं घर खरंच २०० वर्षांचं असेल, तर ते निजामाच्या अमलात बांधलेलं ठरतं. "पेशवेकालीन" हा शब्द पुण्याच्या जाहिरातींतून इकडे आलाय, कारण तो विकला जातो.

दुसरा दावा: २०० वर्षे

वय ठरवायचं कसं? पहिला प्रश्न नेहमी हा येतो: "सर, कार्बन डेटिंग करता येईल का?" करता येतं, पण इथे फारसा उपयोग नाही. साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बन-१४ चं प्रमाण असं वरखाली झालंय की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळे काळ जुळतात. शिवाय लाकडाचं वय म्हणजे झाड वाढण्याचं वय, घर बांधण्याचं नव्हे. जुन्या वाड्याच्या तुळया उतरवून नव्यात वापरणं ही तर आपल्याकडची नेहमीची रीत.

त्यापेक्षा घरातल्या वस्तूंनाच विचारलेलं बरं. काकांच्या वाड्याच्या दर्शनी माडीखाली दोन लोखंडी गर्डर आहेत. जळमटं झाडून टॉर्च तिरपा धरला तेव्हा एकावर उठावदार अक्षरांत टाटाचा छाप दिसला. साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, कारखान्यात पोलाद निघू लागलं ते १९१२ मध्ये. म्हणजे हा गर्डर त्याआधी इथे बसलेला असू शकत नाही. मिडल्सब्रोच्या डॉर्मन लाँग कंपनीचा छाप असता, तर काळ आणखी मागे नेता आला असता.

पण थांबा, यावरून "वाडा १९१२ नंतरचा" असं म्हणायचं नाही. गर्डर नंतरच्या दुरुस्तीत घातलेला असू शकतो. म्हणून पुढचा प्रश्न असा: गर्डर ज्या भिंतीत टेकलाय, तिथली चिनाई मूळची आहे की फोडून पुन्हा भरलेली? आम्ही पाहिलं तर गर्डरच्या टोकाभोवतीच्या विटा आणि चुना बाकीच्या भिंतीसारखाच होता, मधे कुठे सांधा नव्हता. मागचा सोपा मात्र वेगळा निघाला. तिथे मातीची जाड भिंत, धाब्याचं छप्पर आणि तळखड्यावर उभे लाकडी खांब. तो भाग जुना, पण किती जुना हे त्या खांबांवरून सांगता येत नाही. मग जाहिरातीत काय लिहायचं? "दर्शनी माडी १९१२ नंतरची, मागचा सोपा त्याहून जुना" इतकंच. काका हिरमुसले. पण १०० वर्षांचं घर हेही काही कमी नाही, आणि मुख्य म्हणजे हे वाक्य कोणी खोडून काढू शकत नाही.

तिसरा दावा: संपूर्ण सागवानी

यवतमाळ जिल्ह्यात सागाची जंगलं आहेत, त्यामुळे हा दावा अर्धा तरी खरा निघेल असं वाटलं होतं, आणि तसंच झालं. दर्शनी भागाचे पाच खण, त्यांचे खांब आणि तुळया सागाच्या. मागच्या पडवीत आणि माडीच्या तक्तपोशीत आडजात लाकूड वापरलंय. ओळखायचं कसं? एखाद्या न दिसणाऱ्या जागी चाकूने पातळ कपची काढायची. सागाला तेलकट स्पर्श असतो आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. पण यापेक्षा वाळवीने जास्त सांगितलं. सागाच्या खांबांना ती शिवलेली नव्हती आणि आडजात कड्या तिने आतून पोखरल्या होत्या.

खांबाच्या बुडाशी पेचकस दाबून पाहायचा. चांगल्या लाकडात तो दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. काकांच्या पडवीत दोन कड्यांमध्ये तो मुठीपर्यंत गेला. वरून रंग शाबूत होता. आता आठवा, कलम ५५ काय म्हणतं. रंगाखालची पोखरलेली कडी हा घेणाऱ्याला सहज न सापडणारा दोष आहे, आणि पेचकस घातल्यापासून तो काकांना ठाऊक आहे. तपासणी केली की जबाबदारी येते. म्हणूनच अनेक जण तपासणीच करत नाहीत.

चौथा दावा: थोडी डागडुजी

हा माझ्या विषयाचा भाग, म्हणून थोडा रेंगाळतो.

सोप्याच्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला होता. काकांच्या दृष्टीने ती दुरुस्ती, आणि त्यांनी त्यावर बराच पैसा घातला होता. आतून मात्र भिंतीला लोणा लागला होता, जमिनीपासून जवळपास छातीपर्यंत. काका म्हणाले, "गिलावा करण्याआधी इतका नव्हता रे." ते अगदी बरोबर सांगत होते.

मातीची किंवा चुन्यातली भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते, त्याबरोबर विरघळलेले क्षार येतात. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर पाणी खालच्या खालीच उडून जातं. एका बाजूला सिमेंटचा थर दिला की ती वाट बंद होते. मग पाणी आणखी वर चढतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. पाणी उडालं की क्षार मागे राहतात, पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक वाढतात आणि ते गिलावा आतून ढकलून पाडतात. भिंतीवरची पांढरी पावडर ती हीच. पुट्टी किंवा वॉटरप्रूफ रंग लावला की वर्षभर झाकलं जातं आणि नंतर रंगासकट गळून पडतं.

बरा करायचा मार्ग लांबचा आहे. सिमेंट उतरवायचं, भिंत दोन उन्हाळे तरी वाळू द्यायची, मग चुन्याचा गिलावा. याला "थोडी डागडुजी" म्हणणं म्हणजे घेणाऱ्याला चुकीच्या खर्चात ढकलणं.

दुसरी गोष्ट भेगेची. माडीच्या कोपऱ्यात उभी भेग होती. महत्त्वाचा प्रश्न भेग किती मोठी हा नाही, ती वाढतेय का हा आहे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायाची घरं दरवर्षी थोडी हलतात. आम्ही भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवली आणि शेजारी तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकते. हा प्रयोग एका दिवसात होत नाही, किमान एक पावसाळा लागतो. आमची काच ऑगस्टमध्ये तडकली. म्हणजे भेग जिवंत आहे आणि पाया पाहिल्याशिवाय तिचा खर्च सांगता येत नाही. जाहिरातीत हेच लिहायचं, आकडा अंदाजाने ठोकून द्यायचा नाही.

पाचवा दावा: हेरिटेज आणि क्लिअर

हे दोन शब्द मी मुद्दाम एकत्र घेतोय, कारण दोन्हींचं उत्तर घरात नाही, दप्तरात आहे.

"हेरिटेज" ही भावना असू शकते, पण कायद्यात ती यादी आहे. मुंबईत १९९५ च्या नियमांनी इमारतींना श्रेणी १, २, ३ अशा वर्गवाऱ्या मिळाल्या आणि त्यानुसार काय बदलता येईल हे ठरलं. राज्यातल्या इतर अनेक शहरांसाठी २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही वारसा इमारतींची तरतूद आहे. घर यादीत असेल तर बंधनं येतात, नसेल तर तो नुसता जुना वाडा. काकांचा वाडा कुठल्याही यादीत सापडला नाही. गंमत बघा, जो शब्द त्यांनी किंमत वाढावी म्हणून लिहिला होता, तो खरा असता तर जाणकार ग्राहकाने आधी बंधनं विचारली असती.

घर स्वतः यादीत नसलं तरी शेजाऱ्यामुळे अडकू शकतं. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा प्रतिबंधित पट्टा आणि त्यापुढचे २०० मीटर हा नियंत्रित पट्टा. २०१० च्या दुरुस्तीने हे कायद्यातच आलं. प्रतिबंधित पट्ट्यात नवीन बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घरांना दुरुस्तीची परवानगी मागता येते, पण पाडून इमारत उभी करता येत नाही. त्यामुळे शनिवारवाड्याभोवतीचे कित्येक जुने वाडे ना धड दुरुस्त होतात, ना विकले जातात. तिथला वाडा विकताना हे न सांगणं म्हणजे घेणाऱ्याच्या आयुष्याची पुंजी अडकवणं.

लोहाऱ्यात कमलेश्वराचं जुनं हेमाडपंती मंदिर आहे. म्हणून गावातलं कोणतंही घर विकताना पहिलं काम हे: मंदिराचं नाव केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत बघायचं आणि अंतर मोजायचं. अंतर कळसापासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात. काकांचं घर ३०० मीटरच्या बरंच बाहेर निघालं, त्यामुळे हा प्रश्न तिथेच मिटला. पण तो मोजून मिटला, गृहीत धरून नाही.

आता "क्लिअर". काकांनी अभिमानाने नमुना ८ दाखवला, वरती त्यांचंच नाव. पण नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. कर कोण भरतं ते तो सांगतो, मालक कोण ते सिद्ध करत नाही. जागा गावठाणातली आहे की नझूलच्या पट्ट्याची, हेही वेगळं पाहावं लागतं, कारण विदर्भातल्या शहरांत घर आपलं आणि जमीन सरकारी पट्ट्याची असा प्रकार भरपूर आहे. इथे जागा गावठाणातली निघाली.

मग ट्रंकेतून एक मोडी कागद निघाला, काकांच्या आजोबांच्या नावाचं खरेदीखत. जुन्या खरेदीखतांची एक रीत असते. चतुःसीमा दिलेली असते, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण; साक्षीदार असतात; आणि विकणारा लिहून देतो की भाऊबंदांपैकी कोणी हरकत घेतली तर तिचं निवारण मी करीन. म्हणजे "हक्कात खोट निघाली तर माझ्यावर" हा विचार कायद्याच्या पुस्तकाआधीपासून आपल्या दस्तांत आहे. काकांना मी तो भाग वाचून दाखवला आणि विचारलं, "हे तुम्ही आज लिहून देऊ शकता का?"

ते बराच वेळ गप्प बसले. आजोबांनंतर वाटणी झालीच नव्हती. काकांना दोन बहिणी, एक अमरावतीला, एक आदिलाबादला. त्यांचं नाव कुठेच नव्हतं, आणि हक्कसोडपत्रही झालेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाने इसार देऊन परत घेतला होता तो याच कारणाने, हे तेव्हा कुठे कळलं. घरातल्यांनी मात्र "भिंती पाहून पळाला" असंच समजून घेतलं होतं.

शिवाय पुढच्या खोलीत एक शिंपीदादा १९८० च्या दशकापासून भाडेकरू. घर विकल्याने भाडेकरू जात नाही, नवा मालक जुन्याच्या जागी येतो एवढंच. विदर्भातल्या शहरांत १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश होता, त्यात भाडेकरूला नोटीस देण्याआधीच घरमालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. तो गेला ३१ मार्च २००० ला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला तेव्हा. एखाद्या गावाला यातलं काय लागू होतं हे पुन्हा अधिसूचनेवरूनच कळतं.

बहिणींशी बोलायला काकांनी तीन महिने घेतले. फोनवर नाही, स्वतः जाऊन. अमरावतीच्या आत्याबाईंनी हिस्सा मागितला नाही, पण कागदावर नाव हवं म्हणाल्या. आदिलाबादच्या आत्याबाईंनी हिस्साच मागितला. शेवटी तिघांनी मिळून विकायचं ठरलं. त्यानंतर जी जाहिरात लिहिली ती अशी:

"लोहारा गावठाणातील जुना वाडा विकणे आहे. दर्शनी माडी १९१२ नंतरची, मागील सोपा त्यापूर्वीचा. दर्शनी पाच खण सागवानी; पडवी व माडीची तक्तपोशी आडजात लाकडाची, पडवीतील दोन कड्या वाळवीने खाल्लेल्या. सोप्याच्या भिंतीस लोणा. सिमेंट गिलावा काढून चुन्याचे काम करावे लागेल. माडीच्या कोपऱ्यातील भेग या पावसाळ्यात हललेली आहे, पाया तपासून घ्यावा. वारसा यादीत नाही. संरक्षित स्मारकाच्या ३०० मीटरबाहेर. पुढील खोलीत जुना भाडेकरू आहे. विकणार तीन भावंडे, तिघांची सही मिळेल. मोडी खरेदीखत पाहता येईल."

यातल्या प्रत्येक वाक्याला बोट दाखवता येतं: छाप, पेचकस, काच, यादी, मोजलेलं अंतर, दस्त. पहिल्या जाहिरातीला महिन्याला दहा फोन यायचे, हिला चार आले. पण त्या चारांपैकी दोघे मिस्त्री घेऊन आले. हा मजकूर लिहीपर्यंत सौदा झालेला नाही. काच मात्र आम्ही नवी लावलीय, तारखेसकट.